120 जागांमध्ये तुझ्या किती? इंजिनिअरिंग प्रवेश पुस्तिकेचं एका कागदावर सार कसं काढायचं

गेल्या जूनमध्ये उदगीरहून भाचीचा फोन आला. "मामा, पुण्याच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटरला 120 जागा आहेत की! मला मिळंल ना?" तिच्यासमोर कॉलेजचं चकचकीत माहितीपत्रक होतं. त्यात 120 हा आकडा मोठ्या अक्षरात होता आणि तो खोटाही नव्हता. फक्त त्यातल्या शंभराहून जास्त जागांशी तिचा काही संबंध नव्हता. संध्याकाळी आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो आणि त्या कॉलेजचं सार एका कागदावर काढलं. ते कसं काढलं ते इथे सांगतो. उदाहरण महाराष्ट्रातल्या पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगचं आहे, म्हणजे राज्याच्या सीईटी सेलच्या कॅपमधून, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, होणाऱ्या प्रवेशाचं. त्या कॉलेजचं नाव देत नाही. त्याचे कटऑफ, फी आणि तारखा हेही नमुन्याचे आकडे समजा, ते तुमच्या कागदावर उतरवू नका.

आधी पुस्तिका कुठली ते बघा

नवीन माणूस इथेच फसतो, कारण "पुस्तिका" म्हणून त्याच्या हातात एकच कागद असतो आणि तो बहुतेक वेळा कॉलेजचा असतो. प्रत्यक्षात चार कागद लागतात. पहिला, सीईटी सेलची त्या वर्षाची माहिती पुस्तिका. पात्रता, आरक्षण, फेऱ्या, रद्द करण्याचे नियम हे सगळं त्यात असतं. दुसरा, जागांचा तक्ता, म्हणजे सीट मॅट्रिक्स. तो सेलच्या संकेतस्थळावर फेरी सुरू होण्याआधी येतो. तिसरा, मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ. चौथं कॉलेजचं माहितीपत्रक. ते फी, वसतिगृह, मेस आणि कोर्सच्या तपशिलासाठी चांगलं असतं, पण जागा आणि कटऑफसाठी त्याच्यावर विसंबू नये. कॉलेजच्या कागदात आणि सेलच्या कागदात फरक दिसला तर सेलचा आकडा धरायचा. फीच्या बाबतीत शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा धरायचा.

प्रत्येक कागदाच्या पहिल्या पानावर शैक्षणिक वर्ष वाचा. गुगलवर शोधलं की मागच्या वर्षीची पुस्तिका आधी येते आणि दिसायला दोन्ही जुळ्या असतात. आपल्या कागदाच्या कोपऱ्यात "पुस्तिका कुठल्या वर्षाची, कुठल्या तारखेला उतरवली" एवढं लिहून ठेवा.

एक बारीक अडचण आधीच सांगतो. मराठी पीडीएफमध्ये Ctrl+F दाबून "शुल्क" शोधलं तर पुष्कळदा काहीच सापडत नाही, आणि पोरं समजतात की पुस्तिकेत फी दिलेलीच नाही. फाइल जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते किंवा नुसती स्कॅन केलेली असते. जुन्या फॉन्टची असेल तर इंग्रजी शब्द टाकून बघा, Fee किंवा Cancellation. स्कॅन असेल तर अनुक्रमणिका बघून पानं उलटण्याला पर्याय नाही.

कागदाच्या माथ्यावर मुलगी लिहा

कोर्सचं नाव लिहिण्याआधी हे करायचं. सार हे पुस्तिकेचं नसतं, एका विद्यार्थ्यासाठीचं असतं. त्याच पुस्तिकेतून नागपूरच्या खुल्या वर्गातल्या मुलाचा कागद वेगळा निघेल. आम्ही वर एवढंच लिहिलं:

"मुलगी. ओबीसी. बारावी उदगीर, जि. लातूर. सीईटी पीसीएम 91.3 पर्सेंटाइल. भौतिकशास्त्र, गणित, रसायन मिळून 300 पैकी 173. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत. जात वैधता आहे. नॉन-क्रीमी लेअर मागच्या वर्षीचं."

यातला प्रत्येक तुकडा पुढे कुठे ना कुठे लागतो. "जि. लातूर" हा तर सगळ्यात महागात पडणारा तुकडा आहे, पण कागद भरताना तोच लोक सोडून देतात. शेवटच्या वाक्याकडेही थोड्या वेळाने परत येऊ.

कोर्स: नाव नाही, संकेतांक

कोर्सचं पूर्ण नाव पुस्तिकेत आहे तसंच उतरवा आणि शेजारी त्याचा चॉइस कोड लिहा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, त्याच्यापुढे कंसात एआय आणि मशीन लर्निंग, शिवाय आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स असे चार वेगळे कोर्स एकाच कॉलेजात असू शकतात. घरी चौघांनाही "कॉम्प्युटर"च म्हणतात. कटऑफ मात्र वेगळा, जागा वेगळ्या. पसंतीक्रम भरताना यंत्र कोड ओळखतं, आपल्या मनातलं "कॉम्प्युटर" ओळखत नाही.

त्याच कोर्सच्या कोडला शेवटी T जोडलेला दुसरा कोड दिसला तर ती टीएफडब्ल्यूएसची जागा, म्हणजे शिकवणी शुल्क माफ असलेली. ती कागदावर वेगळ्या ओळीत घ्या, कारण पसंतीक्रमातही ती वेगळी पसंती म्हणूनच भरावी लागते.

पात्रतेची ओळही इथेच लिहून मोकळं व्हायचं. भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे, सोबत ठरवून दिलेल्यांपैकी तिसरा विषय, आणि या तिघांत मिळून 45 टक्के. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना 40 टक्के. बारावीचे एकूण टक्के इथे कामाचे नाहीत. भाचीचे तीन विषयांत 173, म्हणजे 57 टक्क्यांच्या वर. ओळीपुढे बरोबरची खूण केली. पात्रता आणि कटऑफ मात्र एकाच ओळीत लिहू नका. पात्रता म्हणजे मांडवात शिरायची परवानगी. पंगतीत पान मिळेल की नाही ते कटऑफवर ठरतं.

जागा: मोठा आकडा सोलत जायचं

आता ते 120. हा मंजूर प्रवेश क्षमतेचा आकडा. खाजगी विनाअनुदानित, अल्पसंख्याक नसलेल्या कॉलेजात त्याचे आधी तीन ढीग होतात. 20 टक्के संस्थास्तरावर, ज्याला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात. 15 टक्के अखिल भारतीय. उरलेल्या 65 टक्के महाराष्ट्राच्या उमेदवारांसाठी. म्हणजे 24, 18 आणि 78. अल्पसंख्याक संस्था असेल तर या वाटणीत त्या समाजाचा मोठा कोटा येतो, शासकीय कॉलेजात गणित वेगळंच असतं. म्हणून कॉलेजचा प्रकार कागदावर लिहायचाच.

भाचीला वाटलं 120 चे 78 झाले, ठीक आहे. पण पुढे गृह विद्यापीठ येतं. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात महाराष्ट्राच्या जागांपैकी 70 टक्के त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या उमेदवारांना आणि 30 टक्के हद्दीबाहेरच्यांना मिळतात. लातूर जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो आणि कॉलेज होतं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं. म्हणजे भाची बाहेरची. 78 पैकी 55 पुण्याच्या हद्दीतल्यांसाठी, तिच्या वाट्याला 23 चा ढीग.

त्या 23 मध्ये पुन्हा सगळे प्रवर्ग. इथे मात्र कॅल्क्युलेटर खाली ठेवा. ओबीसीचे 19 टक्के, मुलींचे 30 टक्के अशी टक्केवारी नियमांत असते, पण इतक्या लहान आकड्यांवर अपूर्णांक कुठे वर गेला आणि कुठे खाली आला ते घरी बसून कळत नाही. टक्केवारीने फक्त अंदाज घ्यायचा आणि आकडा जागांच्या तक्त्यातून उचलायचा. तक्त्यात रकान्यांची नावं अशी असतात:

```
GOPENO   LOPENO   GOBCO   LOBCO
6        3        3       1
```

वाचायची पद्धत सोपी आहे. पहिलं अक्षर G म्हणजे सर्वसाधारण, L म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा: OPEN, OBC, SC, ST, NT1 वगैरे. शेवटचं अक्षर H म्हणजे गृह विद्यापीठ, O म्हणजे बाहेरचं, S म्हणजे राज्यस्तर. G, OBC आणि O जोडलं की GOBCO. पहिल्यांदा बघणारा हे एखाद्या औषधाचं नाव समजतो. बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत H आणि O नसतात, सगळीकडे S असतो. तिथे उदगीर काय आणि हडपसर काय, सारखंच. पुण्याकडे जाऊ इच्छिणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलांनी अशी कॉलेजं कागदावर वेगळी काढून ठेवावीत असं मी आवर्जून सांगतो.

ओबीसी मुलीला या चारही रकान्यांचं दार उघडं असतं. गुणवत्तेवर बसली तर खुल्या जागेवरही तिचा हक्क आहे. तेव्हा 6, 3, 3 आणि 1 मिळून 13. कागदावर आम्ही "120 → 78 → 23 → 13" असा बाण काढत गेलो. शेवटचा आकडा लिहिल्यावर भाची क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हंजी 13 साठीच भांडायचं."

हे मला आधीपासून माहीत होतं असं नाही. काही वर्षांपूर्वी शेजारच्या मुलासाठी मी असाच कागद केला होता आणि कटऑफ GOPENH च्या रकान्यातून उचलला होता. मुलगा त्या विद्यापीठाच्या हद्दीबाहेरचा, त्याचा रकाना O चा. कागदावर त्याची जागा पक्की होती, यादीत मात्र त्याचं नाव आलं नाही. त्याच्या वडिलांनी मला काही म्हटलं नाही. पण तेव्हापासून मी शेवटच्या अक्षराभोवती लाल गोल करतो.

कटऑफ: चार रकाने, दोन आकडे

कटऑफच्या पीडीएफमध्ये प्रत्येक रकान्यात एकाखाली एक दोन आकडे असतात. वरचा गुणवत्ता क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल.

```
GOPENO     LOPENO     GOBCO      LOBCO
17210      20980      21870      27640
(94.1)     (92.8)     (92.5)     (90.6)
```

मूळ यादीत पर्सेंटाइल दशांशाच्या सात अंकांपर्यंत असतं. मी इथे छाटलं आहे, तुम्ही कागदावर दोन अंक ठेवलेत तरी चालेल. वर्षा-वर्षाची तुलना करायला पर्सेंटाइल घ्या, क्रमांक घेऊ नका. अर्ज किती आले त्यावर क्रमांक हलतो.

भाचीचे 91.3. चारपैकी तीन रकान्यांत ती खाली, फक्त LOBCO मध्ये वर, आणि त्या रकान्यात जागा किती? एक. हे जागा आणि कटऑफ शेजारी लिहिल्याशिवाय दिसत नाही. नुसता "ओबीसी मुलींचा कटऑफ 90.6" लिहिला असता तर घरात पेढे वाटायची तयारी झाली असती. एका जागेचा कटऑफ म्हणजे मागच्या वर्षी त्या जागेवर बसलेल्या एका मुलीचं पर्सेंटाइल, बस. यंदा तिथे 93 वाली आली तर तो आकडा 93 होईल. म्हणून माझा नियम असा: रकान्यात तीनपेक्षा कमी जागा असतील तर त्या कटऑफपुढे प्रश्नचिन्ह काढायचं. भाचीच्या कागदावर शेरा लिहिला, "पसंतीत घ्यायचं, भरवसा ठेवायचा नाही".

आणखी काही गोष्टी रकान्यांत दडलेल्या असतात. रिकामा रकाना म्हणजे कटऑफ शून्य नव्हे. तिथे जागाच नव्हती किंवा वाटप झालं नाही. याउलट एखाद्या रकान्यात 30 किंवा 15 असा विचित्र कमी आकडा दिसला तर तो त्या प्रवर्गातला एकटाच उमेदवार असू शकतो, त्यावरून कोर्स "सोपा" ठरवू नका. पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा कटऑफ दोन्ही लिहा, आणि कुठला कुठल्या फेरीचा ते वर टाका. कॉलेजच्या माहितीपत्रकात "कटऑफ 97" असं छापलेलं असेल तर ते कुठल्या रकान्याचं, कुठल्या फेरीचं हे सहसा लिहिलेलं नसतं. तो आकडा कागदावर घेऊच नका. अखिल भारतीय जागांची यादी वेगळी असते आणि तिथे जेईई मेनचे गुण आधी बघितले जातात, त्यामुळे ते पर्सेंटाइल सीईटीच्या पर्सेंटाइलशेजारी ठेवायचं नाही.

फेऱ्यांचा एक नियमही याच भागात येतो, कारण पसंतीक्रमाची धार त्याच्यावर असते. 2025-26 च्या प्रक्रियेत चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर जागा आपोआप गोठायची. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं तरी, आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. गोठली की पुढच्या फेरीत चांगलं शोधायची वाट बंद. तुमच्या वर्षाच्या पुस्तिकेत हे आकडे बदललेले असू शकतात, पण हा परिच्छेद शोधून शब्दशः उतरवा. इथे आपल्या भाषेत सोपं करायला जाऊ नका. "पहिल्या तीन पसंतीपैकी" आणि "तीन पसंती" यांत सोपं करताना घोळ होतो.

फी: तीन ओळी आणि एक वजाबाकी

माहितीपत्रकातल्या फीच्या पानावर बेरीज एकच मोठी दिसते. ती तोडायची. पहिली ओळ शिकवणी शुल्क, दुसरी विकास शुल्क. प्राधिकरणाने मंजूर केलेली फी या दोन्हींची मिळून असते. तिसऱ्या ओळीत बाकी सगळं: अनामत, विद्यापीठाचं शुल्क, वसतिगृह, मेस. तिसरी ओळ वेगळी ठेवायचं कारण असं की तिथे कुठलीच शिष्यवृत्ती सहसा पोचत नाही आणि बाहेरगावच्या मुलाचं कंबरडं तिथेच मोडतं. फीपुढे "अंतरिम" असा शब्द आहे का तेही बघा. असला तर अंतिम आकडा नंतर ठरतो आणि फरक भरावा लागू शकतो.

आमच्या कागदावर शिकवणी शुल्क 1,10,000 आणि विकास शुल्क 12,000 होतं. आता वजाबाकी. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्याआधी ते 50 टक्के होतं. विकास शुल्क यात येत नाही. म्हणजे भाचीची कॉलेजची फी 1,22,000 वरून 12,000 वर आली. पण तिसऱ्या ओळीत वसतिगृह 45,000 आणि मेस महिन्याला 3,800, दहा महिने धरले तर 38,000. अनामत आणि विद्यापीठाचं शुल्क मिळून 9,000. बेरीज 92,000. सगळं मिळून पहिल्या वर्षी घरातून जाणार 1,04,000 रुपये, तेही "मुलींना शिक्षण मोफत" असताना. हा आकडा बहिणीला फोनवर सांगितला तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं आत्ताच सांगितलंस, भिशी ऑगस्टला लागणार हाय."

संस्थास्तरावरच्या जागेवर प्रवेश घेतला तर ही माफी नाही. तेव्हा कोणी "कोट्यातून करून देतो, फी तीच" म्हणालं तर वजाबाकीची ओळ खोडून पुन्हा बेरीज करा.

टीएफडब्ल्यूएसची ओळ भाचीच्या कागदावर होती, पण ती वरच्या पसंतीला घेण्यात अर्थ नव्हता. तिथेही शिकवणी शुल्कच माफ होतं, जे तिला तसंही माफ होतं, आणि त्या थोड्याशा जागांचा कटऑफ नेहमीच्या जागांपेक्षा बहुधा वर असतो. खुल्या वर्गातला, 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा मुलगा असता तर मात्र मी उलट सांगितलं असतं. त्याला राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिकवणी शुल्काचा अर्धा भाग मिळतो, टीएफडब्ल्यूएसमध्ये पूर्ण. त्याच्यासाठी T चा कोड सोन्याचा.

तारखा: दिवस, वेळ आणि चुकलं तर काय

वेळापत्रकाचा तक्ता जसाच्या तसा उतरवण्यात काही हशील नाही, तो सेलच्या संकेतस्थळावर आहेच. कागदावर फक्त विद्यार्थ्याने स्वतः काहीतरी करायच्या तारखा घ्या. यादी कधी लागणार ही सेलची तारीख. हरकत कधीपर्यंत नोंदवायची ही तुमची.

प्रत्येक तारखेपुढे वेळ लिहा. मुदत बहुधा संध्याकाळी 5 ला संपते, रात्री 12 ला नाही. आणि तिसऱ्या रकान्यात "चुकलं तर" असं लिहा. तो रकाना भरायला पुस्तिकेत शोधावं लागतं, आणि शोधताना खरं वाचन होतं. एक उदाहरण देतो. नोंदणीची शेवटची तारीख आणि कागदपत्र पडताळणी होऊन अर्ज निश्चित होण्याची शेवटची तारीख या दोन वेगळ्या असतात. फॉर्म भरला, पैसे भरले, पण पडताळणीत त्रुटी निघाली आणि ती दुरुस्त केली नाही तर अर्ज निश्चित होत नाही आणि गुणवत्ता यादीत नाव येत नाही. दर वर्षी एखादं तरी पोर "मी तर फॉर्म भरला होता" म्हणत येतं.

इथे भाचीचं ते नॉन-क्रीमी लेअर आठवा. प्रमाणपत्र प्रवेशानंतर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत वैध लागतं. 2025-26 च्या प्रवेशाला 31 मार्च 2026. तिच्याकडचं त्याआधीच संपत होतं. ते नवीन झालं नाही तर ओबीसीचे दोन्ही रकाने बंद, आणि 91.3 वर खुल्या रकान्यांत तिचं काही चाललं नसतं. तेव्हा तहसीलला अर्ज टाकायचा दिवस आम्ही कागदावर सगळ्यात वर लिहिला, सेलच्या कुठल्याही तारखेच्या आधी. प्रमाणपत्र आलं नसेल तर अर्जाच्या पावतीवर काम भागतं का आणि मूळ प्रमाणपत्र कधीपर्यंत द्यायचं, हे दोन्ही पुस्तिकेतून वेगवेगळं उतरवा. जात वैधतेलाही तेच.

आणखी एक तारीख कोणी लिहीत नाही, ती प्रवेश रद्द करण्याची. ठरलेल्या तारखेपर्यंत रद्द केलं तर 1,000 रुपये कापून बाकी फी परत मिळते. नंतर फक्त अनामत हाती येते. दुसरीकडे कुठे नंबर लागायची आशा असलेल्यांनी ही तारीख लाल शाईत लिहावी.

कागद शेवटी असा दिसला

"कॉलेज: खाजगी विनाअनुदानित, अल्पसंख्याक नाही, पुणे विद्यापीठ, स्वायत्त नाही.
कोर्स: कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कोड पान 14 वरून. टीएफडब्ल्यूएस वेगळा कोड, नको.
पात्रता: तीन विषयांत 40 टक्के, आहेत 57.
जागा: 120 → 78 → 23 → 13. रकाने GOPENO 6, LOPENO 3, GOBCO 3, LOBCO 1.
मागच्या वर्षी, शेवटची फेरी: 94.1, 92.8, 92.5, 90.6 (?). आपण 91.3.
फी: 12,000 + बाकी 92,000. शिकवणी माफ, कॅपमधून आलो तरच.
तारखा: नॉन-क्रीमी लेअर, तहसील, सोमवार सकाळी. अर्ज निश्चिती 8 जुलै, सायं. 5, चुकलं तर यादीत नाव नाही. पसंतीक्रम 19 जुलै, सायं. 5. प्रवेश रद्द, पान 41 बघ.
शेरा: पसंतीत घ्यायचं, भरवसा ठेवायचा नाही."

प्रत्येक आकड्यापुढे पान क्रमांक हवा. इथे मी दोनच ठेवले, खऱ्या कागदावर सगळीकडे होते. आकड्यावर वाद झाला तर पुन्हा दीडशे पानं चाळावी लागत नाहीत. कागद झाल्यावर तो भाचीच्या मैत्रिणीला दिला आणि सांगितलं की पुस्तिका उघडून यातला एकेक आकडा शोध. तिला पसंतीक्रमाची तारीख सापडेना. पुन्हा संकेतस्थळ उघडलं तर आदल्या दिवशीच्या सूचनेत ती तीन दिवस पुढे गेलेली. 19 खोडून 22 केलं, शेजारी सूचनेची तारीख टाकली, आणि भाचीने कागदाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मी तिला तो काढून टाकायला लावला. तारखा बदलत राहतात, फोटो मात्र तसाच पुढे पुढे जातो. कागद देवघराशेजारच्या खिळ्याला लावला आणि पेन दोऱ्याने तिथेच बांधून ठेवलं.